साहेबांचा मेसेज आलाय, उत्तर काय द्यायचं?

नरक चतुर्दशीला पहाटेचं अभ्यंगस्नान उरकून फराळाचं ताट समोर येईपर्यंत फोन हातात घ्यावा, तर त्यात मेसेजचा ढीग पडलेला असतो. मावसभावंडांचे, शाळेच्या ग्रुपवरचे, सोसायटीच्या सेक्रेटरींचे. त्यांना काय लिहायचं याचा कुणी विचार करत नाही, अंगठा आपोआप चालतो. मधेच एक नाव दिसतं. ऑफिसातले साहेब, किंवा ज्याच्या ऑर्डरीवर आपलं निम्मं वर्ष निघतं ते गिऱ्हाईक. तिथे अंगठा थबकतो. ‘सेम टू यू सर’ लिहिलं तर बरं दिसेल का? नुसते जोडलेले हात टाकले तर तुटक वाटेल? चार ओळी लिहाव्यात तर लाळघोटेपणा वाटेल. मग ‘फराळ झाल्यावर बघू’ म्हणून फोन उलटा ठेवला जातो, पाहुणे येतात, भाऊबीज उलटते आणि उत्तर राहून जातं ते राहूनच जातं.

वास्तविक अशा उत्तराला दोन-तीन वाक्यं पुरतात. मेसेज पोचला, तो वाचला, आणि तुमच्यासाठीही आमच्या मनात तेच आहे, एवढं समोरच्याला कळलं की काम झालं. अडचण होते ती उत्तराची लांबी आणि सूर ठरवताना. याबाबतीत एक जुजबी माप कामाला येतं: आलेल्या शुभेच्छेपेक्षा उत्तर लांब नको आणि तिच्यापेक्षा चढ्या सुरातही नको. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या असतील तर आपण दीड लिहावी. त्यांनी साध्या भाषेत लिहिलं असेल तर आपण ‘मंगलमय’, ‘तेजोमय’, ‘प्रकाशपर्व’ यांची माळ लावू नये. शुभेच्छा देण्यात पुढाकार त्यांनी घेतला आहे. आपण त्याहून मोठा देखावा मांडला तर त्यांचा मेसेज झाकला जातो, आणि पुन्हा काहीतरी लिहिण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडते. सणाच्या दिवशी कामाच्या माणसाला ते नको असतं.

पण त्याआधी मेसेज नीट बघायला हवा, कारण उत्तर त्यावर ठरतं. वर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक खूण आहे का? म्हणजे कुणाचं तरी चित्र किंवा मजकूर त्यांनी पुढे ढकलला आहे. त्याला एका ओळीचं उत्तर भरपूर झालं. खूण नाही, पण तुमचं नावही नाही, ‘आपणास व आपल्या परिवारास’ असा सर्वांना चालेल असा मजकूर आहे, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही त्याच मिनिटाला तोच आला आहे? मग तो बहुधा ब्रॉडकास्ट लिस्टवरून गेलेला असतो. व्हॉट्सॲपची ही सोय अशी आहे, की पाठवणारा एकदाच लिहितो, मेसेज मात्र प्रत्येकाच्या खासगी खिडकीत उतरतो आणि तुमचं उत्तर फक्त पाठवणाऱ्याला दिसतं. त्यामुळे पाहणाऱ्याला तो खास आपल्यालाच लिहिल्यासारखा भासतो. त्यात फसवणूक वगैरे काही नाही. शे-दीडशे माणसांना वेगवेगळं लिहायला कुणाला वेळ आहे? पण अशा मेसेजला ‘सर, आपण आवर्जून माझी आठवण काढलीत, डोळे पाणावले’ असं लिहिलं तर वाचणारा ओशाळतो. ‘धन्यवाद सर. आपणा सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.’ इथे थांबावं.

तिसरी जात कंपनीच्या कार्डाची. बँकेचं, विमा कंपनीचं, एखाद्या पुरवठादाराच्या मार्केटिंग खात्याचं. ज्या पत्त्यावरून ते येतं तिथे उत्तर वाचणारा माणूसच नसतो, तेव्हा त्याला उत्तराची गरज नाही. मात्र तेच कार्ड तुमच्या ओळखीच्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या मेलवरून, वर ‘नमस्कार, अमुकजी’ असं लिहून पाठवलं असेल तर ते त्याचं आहे आणि उत्तर द्यायला हवं. मेलवर उत्तर देताना एवढंच पाहावं, की ते एकट्यालाच जातंय ना. सगळ्यांना जाणारं बटण दाबलं गेलं, की साठ जणांच्या खात्यात तुमचे आभार जाऊन पडतात आणि त्यातल्या वीस जणांना मग आपणही काही लिहावं असं वाटू लागतं.

आणि चौथा, ज्यात माणूस दिसतो तो मेसेज. तुमचं नाव, एखादं वाक्य फक्त तुम्हालाच लागू पडणारं. ‘यंदा ऑडिटच्या वेळी तुम्ही सांभाळून घेतलंत’, ‘बाळाची पहिली दिवाळी ना?’, ‘आईंची तब्येत आता कशी आहे?’ अशा मेसेजला साच्यातलं उत्तर गेलं तर ते जाणवतं. त्यानं लिहिलेल्या त्या एका वाक्याला आपलं एक वाक्य द्यायचं, बाकी सगळं नेहमीचंच चालतं. ‘आईंची तब्येत आता बरीच बरी आहे, फराळाच्या भाजणीवर देखरेख चालू आहे’ एवढ्यानंही समोरच्याला आपण विचारल्याचं चीज झाल्यासारखं वाटतं.

आता सुराबद्दल. आपल्याकडे पूर्वी ही पंचाईत नव्हती, कारण पत्राच्या मायन्यानंच सगळं ठरवून दिलेलं असे. वडीलधाऱ्यांनी धाकट्याला लिहायचं ते ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. धाकट्यानं वडीलधाऱ्यांना लिहायचं ते ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, आणि घाईत असला तर ‘सा.न.वि.वि.’ बरोबरीच्याला ‘सप्रेम नमस्कार’. नातं कुठल्या पायरीवर आहे ते पहिल्याच ओळीत दिसे, मग पुढे साधं लिहिलं तरी चालून जाई. घरात आजही ते शिल्लक आहे. दसऱ्याला आपट्याचं पान हातात ठेवून वाकून नमस्कार केला, की आजोबा ‘सुखी राहा’ म्हणतात. त्यावर आपण ‘धन्यवाद आजोबा, तुम्हीही सुखी राहा’ असं म्हणत नाही. नमस्कारातच उत्तर आलेलं असतं.

म्हणून निवृत्त झालेले जुने साहेब, ज्यांच्या हाताखाली आपण काम शिकलो, त्यांचा पाडव्याला ‘अनेक आशीर्वाद, सुखात राहा’ असा मेसेज आला तर ‘सेम टू यू’ तर नाहीच, ‘आपणासही आशीर्वाद’ तर त्याहून नाही. (असं लिहिणारे भेटतात. घाईत ‘ही’ जोडून टाकण्याची सवय त्याला कारण.) ‘सर, नमस्कार. आपले आशीर्वाद मिळाले, पाडवा गोड झाला. मॅडमनाही नमस्कार सांगावा.’ यात शुभेच्छा हा शब्दही नाही, पण काही उणं वाटत नाही. वयानं आणि मानानं मोठ्या माणसाला मराठीत नमस्कार गेला, की त्याच्या पोटात सगळं येतं.

उलट, हल्लीच्या कचेऱ्यांत साहेब बत्तीस वर्षांचे आणि हाताखालचा माणूस पन्नाशीचा, ही जोडी काही दुर्मीळ नाही. तिथे खुर्चीचा मान ठेवायचा, वयाचं सोंग आणायचं नाही. बत्तीस वर्षांच्या मॅनेजरला ‘आपले आशीर्वाद असू द्यावेत’ असं पन्नाशीच्या माणसानं लिहिलं, तर तो बिचारा चेष्टा समजेल. ‘धन्यवाद, सर. तुम्हाला आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.’ सरळ, बरोबरीचं, तरी अदबीचं. पन्नाशीच्या माणसाला त्याच्या नव्या लग्नाची पहिली दिवाळी असल्याचं माहीत असेल, तर ‘पहिल्या दिवाळसणाच्या खास शुभेच्छा’ एवढी भर घालायला हरकत नाही. तेवढा हक्क वय देतं.

‘आपण’ की ‘तुम्ही’, हेही फोनवर जे म्हणता तेच लिहावं. रोज ‘तुम्ही कधी येताय, साहेब?’ असं विचारणारा माणूस दिवाळीला अचानक ‘आपण सपत्निक सहकुटुंब’ अशा लग्नपत्रिकेच्या भाषेत शिरला, की ऐकणाऱ्याला तो परका वाटतो. आणि एकाच मेसेजमध्ये दोन्ही मिसळू नयेत. ‘आपणास शुभेच्छा, तुमच्या घरच्यांनाही’ असं पुष्कळ जण लिहितात. एक धरावं आणि ते शेवटपर्यंत न्यावं. हाक मारण्याचंही तसंच. सर, मॅडम, साहेब, शेठ, अण्णा, ताई, जे रोज तोंडात आहे ते.

एक प्रसंग घेऊन बघू. सांगली हळदीच्या बाजारासाठी ओळखली जाते. समजा, तिथल्या एका लहानशा छापखान्याच्या मालकाला त्याच्या हळदवाल्या व्यापाऱ्याचा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मेसेज आला. हळद पावडरच्या पाकिटांवरची लेबलं हा छापखाना छापतो. मेसेज असा: ‘नमस्कार. दीपावलीच्या व पाडव्याच्या आपणास व परिवारास हार्दिक शुभेच्छा. सीझनमध्ये रात्री जागून लेबलं दिलीत, आमचा माल अडला नाही. लोभ असावा.’ छापखान्याच्या वहीत या व्यापाऱ्याची दोन बिलं थकलेली आहेत, हेही लक्षात घ्या.

मालकानं पहिल्या झटक्यात लिहिलं ते काहीसं असं: ‘आदरणीय शेठ, आपल्या बहुमोल शुभेच्छांबद्दल मी व माझा संपूर्ण परिवार आपले अत्यंत ऋणी आहोत. ही दीपावली आपल्या जीवनात सुख, शांती, समाधान, आरोग्य, ऐश्वर्य व भरभराट घेऊन येवो हीच ईश्वरचरणी प्रार्थना. आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासास आम्ही सदैव पात्र राहू. तसेच सवडीनं मागच्या दोन बिलांचं बघावं, कामगारांचं पाडव्याचं द्यायचं आहे.’

हे पाठवलं असतं तर काय झालं असतं? पहिली तीन वाक्यं शेठ वाचणारच नव्हते. त्यांनी दिवसभरात तसली पन्नास वाचली असतील. नजर थेट शेवटच्या वाक्यावर गेली असती आणि वरचं सगळं त्या वाक्याची प्रस्तावना ठरलं असतं. बिलाचं मागणं चुकीचं नाही. कामगारांना पाडव्याला पैसे द्यायचे आहेत हे खरंच आहे. पण त्यासाठी धनत्रयोदशीच्या आधी फोन करायला हवा होता, किंवा आता दुकानं उघडल्यावर करावा. लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या गादीवर वहीपूजन चाललेलं असतं. त्या तासाला येणेकऱ्याची आठवण कुणालाच रुचत नाही, आणि पैसे त्यानं एक दिवसही लवकर सुटत नाहीत. उलट शेठना वाटतं, आपण कौतुक केलं म्हणून यानं संधी साधली.

दुसरी गोष्ट अशी, की त्या मसुद्यात शेठनी लिहिलेल्या रात्रीच्या जागरणाचा पत्ताच नाही. ते वाक्य त्यांनी फक्त याच माणसासाठी लिहिलं होतं. त्या रात्री मशीनवर उभा राहिलेला मुलगा वेगळा असेल, मालक गल्ल्यावर असेल. मग कौतुक ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोचवलं, की उत्तराला आपोआप वजन येतं. शेठनी पत्रातला जुना शेवट वापरलाय, ‘लोभ असावा’. त्याला जुनंच उत्तर आहे: लोभ आहेच, तो वाढावा.

म्हणून पाठवायचं ते असं: ‘शेठ, नमस्कार. आपला निरोप मशीनवरच्या पोरांना वाचून दाखवला, खूश झाली. आपणास व घरच्या सर्वांना दीपावलीच्या व पाडव्याच्या शुभेच्छा. लोभ आहेच, तो वाढावा.’ वीस-पंचवीस शब्दांचा ऐवज. यात ऋण नाही, चरण नाही, बिल नाही. दिवाळीनंतर दुकानं उघडली, की बिलाचा फोन जाईल आणि पलीकडे तो जरा मोकळ्या मनानं घेतला जाईल. (निरोप पोरांना खरोखर वाचून दाखवला असेल तरच हे लिहायचं. व्यापारी माणूस पुढच्या फेरीला मशीनपाशी जाऊन विचारतो.)

कामाचा विषय गिऱ्हाइकानंच काढला तर? ‘शुभ दीपावली! ती फाइल सोमवारी मिळेल ना?’ असे मेसेज येतात आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. अशा वेळी दोन मेसेज करावेत. पहिल्यात फक्त शुभेच्छा. त्याखाली वेगळ्या मेसेजमध्ये ‘फाइल सोमवारी दुपारपर्यंत देते’ किंवा ‘प्रेस मंगळवारी उघडतोय, बुधवारी हातात पडेल’. वेगळं ठेवण्याचा फायदा असा, की पुढे तारखेवरून काही विचारायचं झालं, तर गिऱ्हाईक त्या दुसऱ्या मेसेजला धरून बोलतं आणि पहिला त्यातून सुटतो.

दिवाळीपुरतं हे जमतं. खरी गल्लत होते ती आपल्या ओळखीच्या नसलेल्या सणाला. मुंबई-पुण्यात जैन गिऱ्हाइकं पुष्कळ. भाद्रपदात, गणेश चतुर्थीच्या आसपास, श्वेतांबर जैनांची संवत्सरी येते. त्या दिवशी त्यांचा मेसेज येतो: ‘मिच्छामि दुक्कडम्’. आपल्या घरी मखर, मोदक, आरती चाललेली. त्या धांदलीत तो शुभेच्छेसारखा वाटतो आणि कुणी ‘थँक यू, सेम टू यू’ लिहितं, कुणी ‘आपणासही हार्दिक शुभेच्छा’, कुणी तर ‘गणपती बाप्पा मोरया’ पाठवतं. पण ही शुभेच्छा नव्हे. पर्युषणाच्या शेवटी वर्षभरात आपल्याकडून कळत-नकळत घडलेल्या चुकांची माफी मागण्याची ती रीत आहे, आणि व्यापारी ती धंद्यातल्या माणसांकडेही मागतो. त्याला उत्तर माफीचंच असतं: आपणही ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावं. पुढे मराठीत एक वाक्य घालायचं असेल तर ‘माझ्याकडूनही काही उणं-अधिक झालं असेल तर क्षमा असावी’ हे नेमकं बसतं. दिगंबर जैनांकडून दशलक्षण पर्वाच्या शेवटी ‘उत्तम क्षमा’ येतं. त्यालाही तेच परत द्यायचं.

इथे एक मोह असतो, तो टाळावा. त्या गिऱ्हाइकाशी वर्षभरात खरंच काही वाजलेलं असेल, उधारीवरून, मालाच्या प्रतीवरून, तर ‘हो, मार्चमधलं ते जरा जास्तच झालं होतं तुमच्याकडून’ असं लिहायला हात शिवशिवतात. माफी मागणाऱ्याला चुकीची तारीख सांगू नये. त्याला ती बहुधा माहीत असते. त्या भांडणावर बोलायचंच असेल तर प्रत्यक्ष भेटीत बोलता येतं.

बाकी सणांना साधारणपणे आलं तेच परत गेलं की चालतं. गुजराती व्यापारी दिवाळीनंतर ‘साल मुबारक’ म्हणतो, आपणही ‘साल मुबारक, शेठ’ म्हणावं. ते त्याचं नवं वर्ष आहे. गूगलवरून शोधलेली गुजराती वाक्यं चिकटवायची गरज नाही, त्यात एखादा काना-मात्रा चुकला की सगळी मेहनत वाया. हैदराबादच्या किंवा बंगळुरूच्या ग्राहकानं उगादीच्या शुभेच्छा दिल्या तर आपला पाडवाही त्याच दिवशी असतो, तेव्हा ‘आपल्याला उगादीच्या शुभेच्छा, आज आमच्याकडेही गुढीपाडवा आहे’ असं लिहिलं की दोन्ही घरांचा सण होतो. विजयादशमीला एखादे वरिष्ठ ‘जय भीम’ म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा देतात. त्यांना ‘सविनय जय भीम, सर’ म्हणून त्याच दिनाच्या शुभेच्छा द्याव्यात. त्याजागी ‘हॅपी दसरा’ पाठवलं तर आपण मेसेज न वाचताच उत्तर दिलं हे उघड होतं.

याच्या उलट बाजूही आहे. मुस्लिम किंवा ख्रिस्ती गिऱ्हाईक आपल्याला आपल्या दिवाळीच्या शुभेच्छा देतं. त्यावर ‘आपणासही दिवाळीच्या’ म्हटलं तर काही आकाश कोसळत नाही, पुष्कळ घरांत फराळाची देवाणघेवाण चालतेच. तरी त्यानं आपला सण लक्षात ठेवून लिहिलं आहे. ते मान्य करणारं उत्तर जास्त शोभतं: ‘आठवणीनं लिहिलंत, छान वाटलं. तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना शुभेच्छा.’ आणि ईदला किंवा नाताळला, यंदा पहिला मेसेज आपला गेला पाहिजे, ही खूणगाठ डायरीत बांधून ठेवावी.

मग येतात ती वर्षं, जेव्हा घरात सण नसतो. वर्षभरात घरातलं कुणी गेलेलं असलं, की आपल्याकडे दिवाळी करत नाहीत. कंदील लागत नाही, फराळ घरात होत नाही, नातेवाईक आणि शेजारीपाजारी डबे आणून देतात. साहेबांना याची कल्पना नसते, किंवा यादीत नाव असतं म्हणून मेसेज येऊन जातो. अशा वेळी ‘सर, यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, वडील गेले’ असं उत्तर देणाऱ्याचं दुःख खरंच असतं, पण ते वाचून पलीकडचा माणूस अवघडतो आणि ऐन पाडव्याला त्याला सांत्वनाची भाषा शोधावी लागते. ‘धन्यवाद सर. आपणा सर्वांना शुभेच्छा.’ एवढं लिहून बाकीचं भेटीत सांगावं. पण त्यांना माहीत असून त्यांनी मुद्दाम ‘यंदा तुमच्यासाठी कठीण दिवाळी आहे, आठवण आली’ असं लिहिलं असेल, तर तिथे आवरतं घेऊ नये. ‘आपण आठवणीनं लिहिलंत, घरी आईलाही सांगितलं. आधार वाटला.’

दुखवटा समोरच्याकडे असू शकतो. गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून सालाबादप्रमाणे सर्वांना मेसेज गेला आहे, पण त्यांच्या आई श्रावणात गेल्या हे तुम्हाला माहीत आहे. मग उत्तरात ‘शुभ दीपावली’, ‘आनंदाची उधळण’ वगैरे काही नको. ‘नमस्कार. निरोप मिळाला, आभारी आहे. आपण सगळे सांभाळून असा. दिवाळीनंतर भेटायला येतो.’ येणार असाल तरच ते शेवटचं वाक्य लिहावं.

ग्रुपबद्दल थोडं. साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छा टाकल्या, की पुढच्या अर्ध्या तासात ऐंशी ‘थँक यू सर’ पडतात. त्यात कुणाचं पहिलं आणि कुणाचं राहिलं हे साहेब मोजत बसत नाहीत, तशी कर्मचाऱ्यांची समजूत मात्र असते. ग्रुपवरच्या मेसेजला त्या मेसेजवरच जोडलेल्या हातांची खूण दिली तरी पुरतं. व्हॉट्सॲपमध्ये ती सोय आता आहे आणि तिनं ग्रुपवरच्या इतरांचा फोन वाजत बसत नाही. मात्र हीच खूण खासगी मेसेजवर एकटी सोडू नये. तिथे माणूस आपल्याशी बोलला आहे, त्याला शब्द द्यावेत.

शब्द द्यायचे तर ते नीट लिहिलेले असावेत. ‘दिवाळी’तला ‘दि’ ऱ्हस्व आणि ‘दीपावली’तला ‘दी’ दीर्घ, इथे सर्वांत जास्त घसरगुंडी होते. ‘हार्दीक’ नव्हे, ‘हार्दिक’. ‘शुभेच्या’ नव्हे, ‘शुभेच्छा’. ‘आर्शिवाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’. फोन स्वतःच्या मनानं शब्द सुचवतो, त्यामुळे पाठवण्यापूर्वी एकदा वाचावं. साहेबांच्या मेसेजमध्ये ‘दिपावली’ असेल तर आपण आपल्या उत्तरात ‘दीपावली’ लिहून मोकळं व्हावं, खाली तारा टाकून दुरुस्ती सुचवू नये.

वेळेचं म्हणाल तर पंचांगानं आपल्याला बरीच सवलत दिली आहे. संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, तेव्हा तोवर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ या मेसेजला उत्तर दिलं तर उशीर झाला असं कुणी म्हणत नाही. दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत ओढता येते. गोव्यात तर तुळशीच्या लग्नाला ‘व्हडली दिवाळी’च म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आलेल्या मेसेजला पाडव्याला सकाळी उत्तर गेलं तर ते वेळेवरच आहे. पहाटे पाचला आलेल्याला पाचलाच उत्तर द्यायची शर्यत नको. चार-पाच दिवस उलटले असतील तर ‘गावी होतो, रेंज नव्हती, लाइट गेली होती’ ही कहाणी सांगू नये. ‘उत्तराला उशीर झाला. आपणा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.’ आणि तुळशीचं लग्नही आटोपलं असेल, तर आता सणाच्या शुभेच्छांचं नाव न काढता, पुढच्या भेटीत ‘साहेब, दिवाळीचा मेसेज मिळाला होता’ असं तोंडी सांगावं. कार्तिकी पौर्णिमेनंतर नरक चतुर्दशीच्या शुभेच्छा पाठवल्या तर त्या पाहून साहेबांना आपली नव्हे, आपल्या कामाच्या गतीची आठवण होईल.

आणि एवढं करून उत्तर गेलं, दोन निळ्या खुणा उमटल्या, की साहेबांकडून बहुतेक वेळा जोडलेले हात येतात. कधी नुसतं ‘धन्यवाद’. त्याला उत्तर द्यायचं नसतं. तुम्ही परत हात जोडलेत, तर त्यांनाही जोडावे लागतील, आणि तोवर घरात चकल्या निवून जातील.